फूड फ्रॉड आणि फूड डिफेन्सचा केस-प्रश्न: उत्तर कुठल्या क्रमाने लिहायचं

चाकण, रांजणगाव आणि भोसरीतल्या कारखान्यांत क्यूएला असणारे आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसून सराव-पेपर सोडवतो. कुणी एफएसएससी 22000 च्या लीड ऑडिटर परीक्षेला बसलेलं असतं, कुणी बीआरसीजीएसच्या, तर कुणी अमेरिकी नियमांवरच्या. पेपर वेगळे असले तरी व्हल्नरेबिलिटी असेसमेंटच्या प्रश्नात एकच चूक परत परत दिसते. उत्तरात असा तक्ता येतो: "हळद, भेसळ, शक्यता 3, तीव्रता 4, गुणाकार 12, म्हणून सीसीपी." हा हॅसपचाच तक्ता आहे, फक्त वरचं शीर्षक बदललंय. परीक्षक तो दोन ओळींत ओळखतो आणि त्यावर निम्म्याहून जास्त मार्क कापतो.

यात आळस नसतो, सवय असते. हॅसपमध्ये आपण धोका पदार्थाच्या आत शोधतो. इथे मात्र तो माणसाकडून येतो, आणि माणूस तुमची तपासणी कशी चालते हे पाहून वागतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा क्रम आपोआप सुचतो. खाली एकच केस घेऊन मी तो टप्प्याटप्प्याने मांडतोय.

## आधी केस वाचून घ्या

चाकण परिसरातला एक कारखाना हळद-दुधाचं प्रिमिक्स बनवतो. एक बॅच 500 किलोचा: साखर 270 किलो, स्किम्ड मिल्क पावडर 180 किलो, हळद पावडर 40 किलो आणि वेलदोडा-सुंठेचं मिश्रण 10 किलो. सगळं रिबन ब्लेंडरमध्ये हाताने ओततात. भरणी चालू असताना झाकण उघडंच असतं, त्यानंतर 12 मिनिटं मिक्सिंग. त्यापुढे कुठेही उष्णता दिली जात नाही, माल थेट 200 ग्रॅमच्या पाऊचमध्ये जातो. एका कपाला 25 ग्रॅम लागतात. काही माल अमेरिकेला जातो.

हळद पावडर मार्केट यार्डातल्या एका दलालामार्फत येते. गेल्या तीन महिन्यांत हळदीचा भाव चढला, पण या दलालाने जुनाच दर ठेवलाय. त्याच्या सीओएवर कुर्कुमिन आणि ओलावा एवढेच दोन आकडे असतात. मिल्क पावडर एका मंजूर डेअरीकडून थेट येते आणि प्रत्येक लॉटचं प्रोटीन केल्डाल पद्धतीने तपासलं जातं. वेलदोडा-सुंठेचं मिश्रण संध्याकाळच्या पाळीत तोलून एका उघड्या टबात ठेवतात आणि रात्रपाळी ते वापरते. रात्री ब्लेंडरवर एक ऑपरेटर असतो आणि दोन कंत्राटी कामगार ये-जा करतात.

प्रश्न असा: दोन प्रमुख घटकांचं फूड फ्रॉडच्या दृष्टीने आणि प्रक्रियेचं फूड डिफेन्सच्या दृष्टीने असेसमेंट करा, उपाय सुचवा आणि त्यांचं समर्थन करा.

## टप्पा 1: प्रश्न कुठल्या घरातला, हे पहिल्या ओळीत लिहा

फ्रॉड करणाऱ्याला पैसा हवा असतो. कुणी आजारी पडावं असं त्याला वाटत नाही. उलट, कुणालाच काही कळू नये हीच त्याची गरज असते. डिफेन्समध्ये ज्याची भीती असते त्याला इजा करायची असते आणि त्यासाठी त्याला मालापर्यंत हात पोचवावा लागतो. म्हणून फ्रॉडमध्ये विचारायचं, "कमाई कुणाची, आणि आपल्याला ते कळेल कसं?" आणि डिफेन्समध्ये विचारायचं, "हात कुणाचा पोचतो, आणि किती वेळ?"

कलमंही इथेच टाकून द्यावीत. एफएसएससी 22000 च्या सहाव्या आवृत्तीत फूड डिफेन्स 2.5.3 मध्ये येतं आणि फूड फ्रॉड 2.5.4 मध्ये. बीआरसीजीएस फूडच्या नवव्या इश्यूत साइट सिक्युरिटी व फूड डिफेन्स 4.2 मध्ये आहे, तर अस्सलपणा आणि फ्रॉड 5.4 मध्ये. अमेरिकी नियमांत फरक आणखी ठळक होतो. मोठ्या प्रमाणावर लोकांना इजा करण्याच्या हेतूने केलेली भेसळ 21 सीएफआर भाग 121 मध्ये येते. पैशासाठी केलेली भेसळ तिथे येतच नाही. तिच्यातून आरोग्याला धोका संभवत असेल तर ती भाग 117 च्या हॅझर्ड अ‍ॅनालिसिसमध्ये घ्यायची असते.

सावधान. "हळदीत लेड क्रोमेट विषारी आहे, म्हणून हा फूड डिफेन्सचा मुद्दा" असं उत्तर दर दुसऱ्या वहीत सापडतं. ते चूक आहे. शिसं विषारीच आहे, पण घालणाऱ्याचा हेतू रंग उजळ करून भाव मिळवण्याचा असतो. वर्गवारी परिणामावरून होत नाही, हेतूवरून होते.

## टप्पा 2: केस दोनदा वाचा, दोन वेगळ्या नजरांनी

पहिल्या वाचनात फक्त खरेदीच्या गोष्टींखाली रेघ मारा: कुणाकडून येतं, कुठल्या रूपात येतं, दर काय, कागद कुठले, कोण काय तपासतं. दुसऱ्या वाचनात फक्त कारखान्याच्या आतल्या गोष्टींखाली: उघडं काय, एकटं कोण, किती वेळ, पुढे काय होतं.

आमच्या केसमध्ये पहिल्या वाचनात "जुनाच दर ठेवलाय" हे शब्द हाती लागायला हवेत. दुसऱ्या वाचनात "उघड्या टबात". एका दमात सगळं वाचणाऱ्यांच्या हातून हे दोन्ही निसटतात, आणि पेपर काढणाऱ्याने नेमकी हीच दोन वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात.

तपासा. पेपरात दिलेलं मोजमाप कुठलं आहे? काही ठिकाणी घडण्याची शक्यता आणि सापडण्याची शक्यता यांचा गुणाकार विचारतात, तर काही ठिकाणी शक्यता आणि परिणाम. प्रश्नात पट्टी दिली असेल तर तीच वापरा. दिली नसेल तर आपली पट्टी एका ओळीत जाहीर करा. मी इथे 1 ते 5 घेतोय, आणि सापडण्याच्या बाबतीत 5 म्हणजे सापडणं सर्वांत अवघड. ही दुसरी पट्टी उलटी चालते, हे उत्तरात लिहिलं नाही तर परीक्षक तुमचे आकडे भलत्याच अर्थाने वाचतो.

## टप्पा 3: फ्रॉडचा प्रकार नावानिशी लिहा

"भेसळ" हा शब्द घरी चालतो, पेपरात पुरत नाही. जीएफएसआयच्या यादीत पातळ करणं, बदली करणं, दोष लपवणं, परवानगी नसलेला पदार्थ घालून माल चांगला भासवणं, चुकीचं लेबल, नकली माल, आणि चोरलेला किंवा वळवलेला माल असे प्रकार येतात. एकाच घटकाला दोन-तीन प्रकार लागू पडू शकतात, आणि प्रत्येकासाठी तपासणी वेगळी असते. नाव घ्यायचं ते त्यासाठीच.

हळदीत स्टार्च मिसळणं म्हणजे पातळ करणं. मेटानिल यलो किंवा लेड क्रोमेट घालणं म्हणजे माल चांगला भासवणं. मिल्क पावडरमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन मिसळणं म्हणजे पातळ करणं, आणि प्रोटीनचा आकडा फुगवायला मेलामाइन घालणं पुन्हा भासवण्यातच येतं.

## टप्पा 4: आधी कारण, मग आकडा

बीआरसीजीएसच्या 5.4 मध्ये पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: पूर्वी असं घडल्याचा पुरावा, आर्थिक कारणं, पुरवठा साखळीत मालापर्यंत पोचणं किती सोपं, नेहमीच्या तपासणीची कुवत, आणि मालाचं स्वरूप. पेपर कुठल्याही स्टँडर्डचा असो, हळदीसाठी मी याच क्रमाने पाच वाक्यं लिहायला सांगतो.

पूर्वीचा पुरावा भक्कम आहे. बांगलादेशात हळद पॉलिश करताना लेड क्रोमेट वापरल्याचं संशोधनातून पुढे आलं. मेटानिल यलो तर आपल्या एफएसएसएआयच्या घरगुती चाचण्यांच्या यादीतही आहे. आर्थिक कारण केसमध्येच आहे: बाजार चढला आणि दलालाचा दर हलला नाही. हा दर खरेदी खात्याला आनंदाचा वाटतो, असेसमेंटमध्ये मात्र तो सर्वांत मोठा इशारा ठरतो. साखळी लांब आहे, कारण शेतकरी, शिजवून-पॉलिश करणारा, गिरणी आणि दलाल एवढे हात मधे आहेत आणि यातला एकच आपल्याला माहीत आहे. तपासणी दोनच आकड्यांची, आणि ती पुरवठादाराची. माल पावडर स्वरूपात येतो, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

यावरून घडण्याची शक्यता 4. 5 का नाही? कारण या दलालाविरुद्ध थेट पुरावा केसमध्ये दिलेला नाही. हे "का नाही" लिहिलंत तर परीक्षकाला दिसतं की आकडा तुम्ही विचार करून दिलाय. सापडण्याची अडचण 5. गुणाकार 20.

मिल्क पावडरच्या बाबतीत बहुतेक जण "मंजूर डेअरी, थेट खरेदी, प्रत्येक लॉटची तपासणी, म्हणून धोका कमी" असं लिहून पुढे जातात. थोडं थांबा. 2008 मध्ये चीनमध्ये मेलामाइन घातलं गेलं ते दूध डेअरीत पोचण्याच्या आधी, गोळा होण्याच्या साखळीत. म्हणजे डेअरी थेट असली तरी तिच्या मागची साखळी थेट नसते. डेअरीचा इतिहास स्वच्छ आहे म्हणून शक्यता 3 ठेवता येते. सापडण्याची अडचण मात्र 4 येते, आणि ती का, हे पुढच्या टप्प्यात.

सावधान. इथे तीव्रतेने गुणायचं नाही, पट्टीत ती मागितलेली असेल तरच. मधात तांदळाचं सिरप घातलं तर कुणी आजारी पडत नाही, तरी तो फ्रॉडच. तीव्रतेच्या पट्टीवर त्याला 1 मिळतो आणि सगळा धोका कागदावरून गायब होतो.

## टप्पा 5: तपासणी काय पकडते आणि काय पकडत नाही

हा टप्पा मी सर्वांत जास्त वेळ शिकवतो, कारण खरी समज इथे उघडी पडते. "प्रयोगशाळेत तपासणी करावी" असं लिहिण्यात काही अर्थ नाही. कुठली तपासणी, कशासाठी, आणि ती चुकवता येते का, हे सांगायचं असतं.

केल्डाल पद्धत प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. दुधासाठी तो आकडा 6.38 ने गुणून प्रोटीन काढतात. मेलामाइनच्या वजनात जवळपास 66.6 टक्के नायट्रोजन असतो. हिशेब करून पाहा: एक किलो मेलामाइन केल्डालला सुमारे सव्वाचार किलो प्रोटीनसारखं दिसतं. म्हणजे केसमधल्या कारखान्याची प्रत्येक लॉटची तपासणी ज्या फ्रॉडसाठी मिल्क पावडर प्रसिद्ध आहे, तोच पकडू शकत नाही. फ्रॉड करणाऱ्याने ती तपासणी डोळ्यांपुढे ठेवूनच पदार्थ निवडलेला असतो. 4 आला तो यामुळे, आणि गुणाकार 12 झाला. उत्तरात हा हिशेब दोन ओळींत आला की पुढे फार काही सांगावं लागत नाही.

हळदीचंही असंच. कुर्कुमिनचा आकडा लेड क्रोमेटबद्दल काहीच बोलत नाही. माल उतरवताना करायची एक जुनी चाचणी आपल्याकडे अनेकांना माहीत असते: चिमूटभर हळद पाण्यात, वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब. रंग गुलाबी होतो. मग पाणी वाढवायचं. गुलाबी रंग गेला तर ती हळदीचीच प्रतिक्रिया, आणि टिकून राहिला तर मेटानिल यलोचा संशय. चाचणी मिनिटभरात होते, पण लेड क्रोमेटबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी शिसं मोजावं लागतं, आयसीपी-एमएसवर. सोबत क्रोमियमही मागवा. लेड क्रोमेटमध्ये वजनाने शिसं क्रोमियमच्या जवळपास चौपट असतं. दोन्ही वाढलेले असतील आणि प्रमाण चारास एकच्या आसपास येत असेल, तर ते मातीतून आलेलं शिसं असण्यापेक्षा रंग घातलेला असण्याची शक्यता जास्त.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने सराव-पेपरात लिहिलं, "पावडरऐवजी अख्खी हळकुंडं घ्यावीत, म्हणजे धोका संपतो." मला ते उत्तर आधी आवडलं होतं. मग लक्षात आलं की लेड क्रोमेट नेमका पॉलिश करताना, अख्ख्या हळकुंडांवरच लावतात. हळकुंडं घेतल्याने स्टार्चचा प्रश्न सुटतो, रंगाचा सुटत नाही. तेव्हापासून प्रत्येक उपायापुढे "हा कुठला प्रकार थांबवतो?" हे लिहायची सवय मी सगळ्यांना लावलीय.

तपासा. तुमच्या उत्तरात टप्पा 3 मधल्या प्रत्येक प्रकारासमोर एक तरी तपासणी किंवा नियंत्रण आलंय का? एखादा रिकामा राहिला असेल तर तो इथेच दिसेल.

## टप्पा 6: डिफेन्समध्ये पायरी पकडा, कारखाना नाही

आता दुसरं घर. इथे पहिलीच चूक म्हणजे कुंपण, गेट, सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही. हे सगळं बाहेरच्या माणसासाठी झालं. भाग 121 मध्ये आतल्या माणसाचा विचार सक्तीचा आहे, म्हणजे ज्याला आत यायला कायदेशीर परवानगी आहे आणि प्रक्रिया माहीत आहे असा. कुंपण त्याला अडवत नाही.

म्हणून प्रक्रियेच्या पायऱ्या एकेक करून घ्या. अमेरिकी एफडीएने चार प्रकारची कामं जास्त असुरक्षित म्हणून वेगळी काढली आहेत: मोठ्या प्रमाणात द्रव उतरवणं-भरणं, द्रव साठवणं-हाताळणं, कमी प्रमाणातले दुय्यम घटक हाताळणं, आणि मिसळणं किंवा तत्सम काम. आमच्या केसमध्ये द्रव नाही, पण शेवटचे दोन्ही प्रकार आहेत. मिसळणं सगळ्यांना दिसतं. दुय्यम घटक, म्हणजे तो वेलदोडा-सुंठेचा टब, दहातल्या दोघांना दिसतो.

प्रत्येक पायरीला तीन गोष्टींसाठी 1, 3, 5, 8 किंवा 10 गुण द्यायचे: लोकांच्या आरोग्यावर किती परिणाम होऊ शकतो, मालापर्यंत हात किती सहज पोचतो, आणि हल्लेखोराला माल दूषित करणं किती सोपं जाईल. बेरीज 26 किंवा जास्त आली तर ती पायरी बहुधा कारवाईयोग्य, 13 किंवा कमी आली तर बहुधा नाही, आणि मधल्यांसाठी तर्क लिहायचा.

पहिल्या गुणासाठी हिशेब दाखवाच:

```
500 किलो ÷ 25 ग्रॅम = 20,000 सर्व्हिंग
200 ग्रॅम ÷ 25 ग्रॅम = 8 सर्व्हिंग
```

10,000 पेक्षा जास्त सर्व्हिंग धोक्यात असतील तर 10 गुण. 1 ते 99 असतील तर 3.

ब्लेंडरची भरणी: 20,000 सर्व्हिंग, म्हणून 10. झाकण उघडं, ऑपरेटर थेट वर उभा, म्हणून 10. दूषित करण्याची सोय 8, कारण मिक्सिंगमुळे घातलेलं सगळीकडे पसरेल आणि पुढे ते नष्ट करणारी पायरी नाही, पण दोन कामगार ये-जा करत असल्याने पूर्ण एकांत मिळत नाही. एकूण 28.

दुय्यम घटकाचा टब: तो फक्त 10 किलोचा आहे, म्हणून "परिणाम कमी" असं लिहून अनेक जण 3 देतात. ही मोठी चूक. टबातलं सगळं त्याच 500 किलोच्या बॅचमध्ये जाणार, म्हणजे सर्व्हिंग पुन्हा 20,000. गुण 10. टब उघडा आहे आणि दोन पाळ्यांच्या मधे त्याच्यावर कुणाचीच नजर नाही, म्हणून 10. एकांत आहे, वेळ आहे, मालाचं प्रमाण लहान आहे आणि नंतर ब्लेंडर सगळं नीट पसरवणार आहे, म्हणून 10. एकूण 30. म्हणजे केसमधली सर्वांत असुरक्षित जागा हा टब आहे.

सील केलेले पाऊच: एक पाऊच फोडला तर 8 सर्व्हिंग, म्हणून 3. पाऊच बंद, खोक्यात, म्हणून 3. फोडल्याचं उघड दिसणार, म्हणून 1. एकूण 7. ही पायरी सोडता येते, पण का सोडली ते लिहून सोडा. नियमही सांगतो की प्रत्येक पायरी कारवाईयोग्य आहे की नाही, त्याचं स्पष्टीकरण लेखी हवं.

सावधान. गुण देताना सध्याचे उपाय जणू नाहीतच असं धरायचं. "ऑपरेटर विश्वासू आहे, 15 वर्षं काम करतोय" म्हणून गुण कमी करणं हे परीक्षकाला सर्वांत खटकणारं वाक्य आहे. उपकरणाच्या बनावटीतच असलेली गोष्ट, जसं की पूर्ण बंदिस्त पाइप, ती मात्र गुणात धरता येते.

## टप्पा 7: उपाय कारणाला जोडा

फ्रॉडचे उपाय खरेदीत असतात आणि डिफेन्सचे त्या विशिष्ट पायरीवर. ब्लेंडरजवळचा कॅमेरा हळदीतलं शिसं थांबवणार नाही, आणि पुरवठादाराचं ऑडिट टबाचं रक्षण करणार नाही. वाचताना हे उघड वाटतं, पण वहीत दोन्हीकडचे उपाय एकाच यादीत कोंबलेले असतात.

हळदीसाठी मी असं लिहीन: गिरणीपर्यंतची साखळी लेखी मागवायची आणि ती न मिळाल्यास पुरवठादार बदलायचा. प्रत्येक लॉट एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या शिसे-क्रोमियम अहवालापर्यंत होल्डवर ठेवायचा. आणि खरेदी खात्याला एक नियम घालायचा: बाजारभावापेक्षा लक्षात येण्याइतका कमी दर आला की क्यूएला कळवल्याशिवाय ऑर्डर नाही. शेवटचा उपाय फुकट आहे आणि तो आर्थिक कारणावर थेट बोट ठेवतो. मिल्क पावडरसाठी केल्डाल चालू ठेवून ठरावीक अंतराने मेलामाइनची स्वतंत्र तपासणी, आणि डेअरी दूध गोळा करतानाच काय तपासते याची माहिती.

टबासाठी मिश्रण तोलल्याबरोबर क्रमांक असलेल्या सीलने बंद करायचं, सील क्रमांक बॅच कार्डवर लिहायचा आणि कुलूपबंद जागेत ठेवायचं. रात्रपाळीने ओतण्याआधी क्रमांक जुळवायचा. ब्लेंडरसाठी जाळीचं झाकण आणि इंटरलॉक, आणि भरणीच्या वेळी त्या जागेत ठरलेल्या दोघांनाच प्रवेश.

इतकं लिहून थांबलात तर अर्धेच मार्क. प्रत्येक उपायामागे तो असुरक्षितता नेमकी कशी कमी करतो हे एका वाक्यात हवं, आणि मग देखरेख, दुरुस्ती, पडताळणी. सीलसाठी: देखरेख म्हणजे ऑपरेटर प्रत्येक बॅचला क्रमांक जुळवतो. दुरुस्ती म्हणजे क्रमांक जुळला नाही तर ते मिश्रण वापरायचं नाही, वेगळं काढायचं आणि शिफ्ट इनचार्जला कळवायचं. पडताळणी म्हणजे सुपरवायझर आठवड्याला बॅच कार्डं तपासतो.

तपासा. "सीसीटीव्ही" लिहिलं असेल तर ते फुटेज कोण, कधी पाहतो हे लिहिलंय का? नसेल तर तो घटना घडून गेल्यानंतरचा पुरावा झाला, उपाय नाही.

## टप्पा 8: पुन्हा कधी करायचं

"दरवर्षी आढावा" एवढंच लिहिणं अपुरं पडतं. बीआरसीजीएसमध्ये वार्षिक आढावा आहेच, आणि भाग 121 मध्ये किमान दर तीन वर्षांनी फेरविश्लेषण. पण मार्क मिळतात ते मधल्या कारणांना: भाव अचानक चढणं, पुरवठादार बदलणं, नव्या प्रकारची भेसळ बातमीत येणं, पाळीची रचना किंवा यंत्र बदलणं. आमच्या केससाठी तर वाक्य तयारच आहे: तीन महिन्यांपूर्वी बाजार चढला आणि दलालाचा दर हलला नाही, त्याच आठवड्यात हळदीचं असेसमेंट पुन्हा उघडायला हवं होतं.

वेळेचं एक सांगतो. हा प्रश्न 40 मिनिटांचा असेल तर दोन वाचनं आणि रेघा यांना 8 मिनिटं द्या, फ्रॉडला 14, डिफेन्सला 14, आणि उरलेल्या चारांत फक्त टप्पा 3 आणि 5 मधल्या रिकाम्या जागा भरा. मागच्या रविवारी एकाने पहिली आठ मिनिटं काहीच न लिहिता काढली, शेजारचे अस्वस्थ झाले. त्या दिवशी टब दिसलेला तो एकटाच होता.